नुसता फोटो आला, तर विचारायचं काय?

पावसाळ्यात ग्रुपवर पाण्याखाली गेलेल्या पुलाचा फोटो येतो. खाली एक शब्द नाही. लगेच कुणीतरी विचारतं, ‘खरं आहे का हे?’ पण नुसत्या फोटोने काही दावाच केलेला नाही. विचारायचं ते पाठवणाऱ्याला: तू काढलास का? कुठला, कधीचा?

फाइलचं नाव `IMG-20250726-WA0012.jpg` असेल, तर ती तारीख फोटो काढल्याची नाही. तो व्हॉट्सॲपवर तुमच्याकडे आल्याची आहे. काढल्याची वेळ फोटोच्या आत, एक्झिफमध्ये असते आणि साधा फोटो पाठवताना व्हॉट्सॲप ती पुसून टाकतं. त्यानेच काढला असेल, तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ म्हणा. मग ती सहसा टिकते.

फॉरवर्ड असेल, तर गुगल लेन्स. तोच फोटो २०१९च्या कोल्हापूर-सांगली पुराच्या बातमीत सापडला, तर तो यंदाचा नाही हे पक्कं. नाही सापडला, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. गाडीवर `MH 09` दिसलं म्हणून ‘कोल्हापूरच!’ असंही नको. गाडीची नोंदणी तिथली, एवढंच त्यातून कळतं. गाडी काय, कुठेही जाते. त्यापेक्षा मागच्या दुकानाची पाटी झूम करून वाचा.