दोन सरासऱ्यांवर निकाल देऊ नका

राज्याच्या आरोग्य योजनांचे मूल्यमापन करणाऱ्या अधिकाऱ्यांना,



योजनेआधी महिन्याला किती रुग्ण दाखल होत आणि नंतर किती, या दोन सरासऱ्या शेजारी ठेवून योजनेचे यशापयश ठरवू नका, ही विनंती करण्यासाठी हे पत्र.

इटलीने जानेवारी 2005 मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी घातली. सिसिलीत तीव्र हृदयविकारामुळे दर महिन्याला किती जण दाखल झाले, याचे बंदीआधीच्या 36 आणि नंतरच्या 23 महिन्यांचे आकडे आहेत. लोपेझ बर्नाल, कमिन्स आणि गॅस्पारिनी यांनी 2017 मध्ये खंडित कालमालिका विश्लेषण शिकवायला हेच आकडे घेतले.

सरळ सरासरी काढली, तर बंदीनंतरचा आकडा आधीपेक्षा मोठा निघतो. मग बंदी फसली का? नाही. दाखल होणाऱ्यांचे प्रमाण आधीपासूनच महिन्याला सुमारे अर्ध्या टक्क्याने चढत होते. त्या 36 महिन्यांच्या बिंदूंमधून रेष काढून ती तशीच पुढे नेली, की बंदी नसती तर काय झाले असते याचा अंदाज मिळतो. प्रत्यक्ष आकडे त्या रेषेच्या सुमारे 11 टक्के खाली आले. चढ साधारण तोच राहिला, पायरी मात्र उतरली. सरासरीने हे यश पुरते झाकले असते.

आपल्याकडे उलटी चूक होण्याची भीती जास्त वाटते. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच डेंग्यू, लेप्टोचे रुग्ण वाढतात आणि हिवाळ्याकडे ओसरतात. तापाविरुद्धची मोहीम नोव्हेंबरात सुरू केली, तर काही न करताही आकडे उतरतील. म्हणून ऋतूचा चढउतार हिशेबात धरावाच लागतो आणि त्यासाठी आधीची निदान दोन-तीन वर्षे हवीत. शिवाय एका महिन्याचा आकडा मागच्या महिन्यासारखा असतो. ते साम्य दुर्लक्षिले, तर निष्कर्ष आहे त्यापेक्षा पक्का वाटतो.

एक धोका मात्र रेषेलाही टाळता येत नाही. योजना सुरू झाली त्याच महिन्यात नवे रुग्णालय उघडले किंवा नोंदणीची पद्धत बदलली, तर पायरी दिसेल, पण ती योजनेची नसेल. यासाठी योजनेचा संबंध नसलेला एखादा आजार, समजा हाड मोडून दाखल झालेले रुग्ण, त्याच पद्धतीने तपासावा. तिथेही तीच पायरी दिसली, तर श्रेय योजनेला देऊ नये.

योजना सुरू होण्याआधीच लेखी ठरवा: परिणाम एकदम दिसेल की हळूहळू, आणि कोणत्या महिन्यापासून. आकडे पाहून मग तारीख निवडली, तर हवे ते सिद्ध करता येते. आणि दरमहाचे जिल्हावार आकडे, रुग्णांची ओळख वगळून, सर्वांसाठी खुले करा. रेष आम्हालाही काढून पाहू द्या.

आपला,
आरोग्य-आकडेवारीचा एक अभ्यासक