‘हे जरा नीट कर’

घरात, सोसायटीत किंवा नात्यात ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ त्याच्याकडे हा निरोप येतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आणि खाली तीन शब्द: ‘हे नीट कर’. नीट म्हणजे काय, कोणासाठी, कधीपर्यंत, यातलं काही नसतं. मग आपण मित्रांच्या ग्रुपवर त्या निरोपाचा स्क्रीनशॉट टाकतो आणि हसतो. ‘लोकांना साधं काय हवंय तेही सांगता येत नाही’ हे वाक्य तर आता आपल्या पिढीचं ब्रीद झालंय.

मला हे हसणं पटत नाही. मुद्रितशोधनाचं काम करताना गेल्या काही वर्षांत अशा शेकडो फाइली माझ्याकडे आल्या. ‘नीट कर’ म्हणणाऱ्याला काय हवंय हे माहीत नसतं, असं मला क्वचितच दिसलं. त्याला ते पक्कं माहीत असतं, फक्त त्याचं नाव माहीत नसतं. कंबर दुखणारा माणूस डॉक्टरला मणक्याचा क्रमांक सांगत नाही, आणि डॉक्टरही त्याबद्दल त्याची टिंगल करत नाही.

एक फाइल उलगडून सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे, आता ऐंशीला टेकलेले, निवृत्त कारकून. मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी आपल्या आईच्या आठवणी वहीत लिहिल्या होत्या आणि तालुक्याच्या टायपिस्टकडून टाइप करून घेतल्या होत्या. एकतीस पानं. ती फाइल त्यांनी शेजारच्या एका हुशार मुलाला पाठवली, ‘हे जरा नीट कर’ म्हणून. मुलाने आठवडाभर खपून सगळं पुन्हा टाइप केलं. ‘कांहीं’चं ‘काही’ केलं, ‘व्हतं’चं ‘होतं’, ‘आमी’चं ‘आम्ही’, आणि ‘आय’ची ‘आई’. लांब वाक्यं तोडली आणि प्रत्येक भागाला एक मथळा दिला. काकांनी ते वाचून विचारलं, “छान झालंय. पण हे कोणी लिहिलंय?”

मुलाच्या मेहनतीबद्दल मला शंका नाही. पण या जातीच्या मेहनतीवरच माझा राग आहे. निरोप मोघम आहे म्हणजे आपल्याला मोकळं रान मिळालं, असं आपण गृहीत धरतो. मग फाइल उघडून आपल्याला जे जे खटकतं ते ते दुरुस्त करतो. त्यात मालकाचं दुखणं कुठेच नसतं, आपली आवड मात्र सगळीकडे असते.

नंतर मूळ फाइल माझ्याकडे आली. निरोप तोच. मी काकांना फोन करून एकच गोष्ट विचारली: “काका, ही फाइल बिघडलीय असं तुम्हाला कुठे आणि कधी दिसलं?”

‘तुम्हाला नक्की काय हवंय?’ हा प्रश्न मी मुद्दाम टाळतो. त्याचं उत्तर देता आलं असतं तर माणसाने ते निरोपातच लिहिलं असतं. शिवाय त्या प्रश्नात एक दटावणी असते. वडीलधारा माणूस लगेच मागे सरतो आणि म्हणतो, ‘तुला योग्य वाटेल ते कर.’ म्हणजे पुन्हा मोकळं रान. पण काय दिसलं, कुठे दिसलं, हे कोणालाही सांगता येतं.

काका म्हणाले, “अरे, पुण्याला ताईला पाठवली ना. तिच्या फोनवर सगळं इंग्रजी झालंय. तिला आता वही धरवत नाही. फोनवर अक्षर मोठं करून वाचते ती.”

झालं. शुद्धलेखनाचा यात काही संबंधच नव्हता. काकांपेक्षा पाच वर्षांनी मोठ्या बहिणीला आपल्या आईबद्दल वाचायचं होतं आणि तिला अक्षरं दिसत नव्हती.

फाइल उघडली तेव्हा पहिली ओळ अशी होती:

```
ek>h vk; f'kdysyh uOgrh
```

ही इंग्रजी नाही. हा कृतिदेव फॉन्ट आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी-हिंदी टायपिंगची कितीतरी कामं अशा फॉन्टांत झाली. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्याचं चित्र देवनागरी काढलेलं असतं. `e` दाबला की ‘म’चं चित्र, `k` दाबला की काना. तो फॉन्ट ज्या यंत्रात आहे तिथे ही ओळ ‘माझी आय शिकलेली नव्हती’ अशी दिसते. ताईंच्या फोनमध्ये फॉन्ट नाही, म्हणून चित्रं गळून पडली आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थित दिसत होतं. त्यामुळे बिघाड काय आहे हे त्यांना सांगता येणं शक्यच नव्हतं.

सोपा उपाय पीडीएफ. फॉन्ट आत बसतो, कुठेही तसाच दिसतो. पण ‘अक्षर मोठं करून वाचते’ हे शब्द आठवा. पीडीएफचं पान मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. मग प्रत्येक ओळीला बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं. पंच्याऐंशीच्या बाईंना ते जमणारं नव्हतं. म्हणजे मजकूर युनिकोडमध्येच आणायला हवा होता, म्हणजे अक्षर वाढलं की ओळ आपोआप खाली वळते. एका उत्तरातून हे दोन निर्णय निघाले.

मग फाइलची एक प्रत केली (मूळ फाइलला हात लावायचा नाही, कधीच नाही) आणि ती परिवर्तकातून काढली. यात काय बिघडतं ते सांगतो. वरच्या ओळीत ‘शि’ म्हणजे `f'k` आहे. जुन्या टाइपरायटरसारखी ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘श’ नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा, आधी ‘श’ आणि मग वेलांटी. रफाराचंही तसंच: `dk;Z` म्हणजे ‘कार्य’, त्यात रफार शेवटी आहे, युनिकोडमध्ये तो ‘य’च्या आधी जातो. परिवर्तक ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षर गुंतागुंतीचं असलं की कधीकधी चुकतो. मग वेलांटी एकटी पडते आणि तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. ही चूक डोळ्यांना लगेच कळते.

न कळणारी चूक वेगळी आहे, आणि ती मराठीच्या वाट्याला येते. ‘दुसऱ्या’, ‘खऱ्या’ यांतला तो आडवा, पापणीसारखा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या परिवर्तकातून ‘दुसर्या’ बाहेर येतं. फाइलमध्ये `र्या` शोधून प्रत्येक जागा वाचण्याला पर्याय नाही, कारण ‘सूर्या’ बरोबर असतो आणि ‘दुसर्या’ चूक. काकांच्या एका वाक्यात लग्नाच्या ‘आचार्यांना’ पितळी पातेलं कमी पडलं होतं. ते आचार्य नव्हते, आचारी होते.

आता शेजारच्या मुलाने ‘सुधारलेल्या’ गोष्टींकडे वळू. त्या चुका नव्हत्या हे मला कसं कळलं? फाइलनेच सांगितलं. एखादं रूप एकदाच दिसलं तर तो हात घसरलेला असू शकतो. ‘व्हतं’ आणि ‘आमी’ चाळीसेक ठिकाणी होते, आणि प्रत्येक वेळी आईच्या तोंडी. काका स्वतः सांगतात तेव्हा ‘होतं’ आणि ‘आम्ही’. एकतीस पानांत ही सीमा एकदाही ओलांडलेली नाही. इतक्या शिस्तीने कोणी चुकत नाही. ‘आय’चंही तसंच. कथन प्रमाण मराठीत आहे, तरी हा एक शब्द कथनातही गावचाच ठेवलाय. जिला ज्या नावाने हाक मारली, तिच्यासाठी दुसरं नाव वापरायचं नाही.

‘कांहीं’, ‘नाहीं’ यांचं कारण तर इतिहासात आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून गेले. काका त्याआधी शाळेत लिहायला शिकले. ते अनुस्वार त्यांच्या हाताला गुरुजींनी लावलेले आहेत. छापील पुस्तक निघणार असतं तर त्याबद्दल बोलावं लागलं असतं. बहीण वाचणार होती, आणि तीही त्याच शाळेतली.

‘एवढा अंदाज बांधत बसण्यापेक्षा सरळ विचारा की’, असं म्हणणारे भेटतात. विचारायचं असतं, पण निवडून. मी पहिलं अर्धं पान रूपांतरित करून आधी तेवढंच पाठवलं आणि काकांना म्हटलं, ताईंच्या फोनवर उघडून बघायला सांगा. त्या अर्ध्या पानाने दहा प्रश्न वाचवले. समोर वस्तू असली की माणूस भराभर बोलतो. काकांनी संध्याकाळी कळवलं, “दिसतंय. पण ओव्या सलग आल्यात, त्या ओळी तोडून हव्यात.” हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नसतं, कारण त्यांच्या कागदावर त्या तुटलेल्याच होत्या.

जिथे अंदाज चालतच नाही, अशाही जागा असतात. एका पानावर आईच्या नावची जमीन दीड एकर होती आणि पुढे सोळा पानांनी दोन एकर. दोन्हींपैकी एक चूक असणार, पण कोणतं ते फाइलमध्ये नव्हतं. मी हात लावला नाही. नावं, तारखा, पैसे आणि जमीन यांत आपला तर्क कितीही हुशार असला तरी तो मालकाच्या नावावर खपतो, आणि उद्या भावकीत ते पान कोणी पुरावा म्हणून नाचवलं तर उत्तर त्याला द्यावं लागतं. अशा पाच जागा निघाल्या. त्या मजकुरात न बदलता पानाच्या क्रमांकासह वेगळ्या लिहून पाठवल्या.

काकांनी चार जागांची उत्तरं त्याच दिवशी दिली. जमिनीचं मात्र राहिलं. “ताईला विचारतो,” म्हणाले. दोन दिवसांनी फोन आला. दोन्ही आकडे बरोबर होते. अर्धा एकर आईने मधल्या काळात दुधाच्या पैशांतून घेतला होता. ते काकांना ठाऊकच नव्हतं, ताईंना होतं. आता त्यांना तिथे एक नवा परिच्छेद घालायचा आहे. वहीत लिहून त्याचा फोटो पाठवलाय, खाली तेच तीन शब्द.