रंगाचे तीन हजार

रविवारी भाचीचं सामान आणायला कर्वेनगरला गेलो. अकरा महिने ती तिथे एका फ्लॅटमध्ये तिघींच्या खोलीत कॉट बेसिसवर राहिली. महिना 8,000, डिपॉझिट 16,000. डबा आठला यायचा, पण ती नऊला पोचायची, तोवर पोळ्यांचं चामडं झालेलं असायचं. गेट साडेनऊला बंद. उशीर झाला की कुलूप उघडायला वॉचमनला फोन करायचा आणि तो उचलेपर्यंत अंधाऱ्या गल्लीत उभं राहायचं. ज्या नियमामुळे मुलगी रात्री रस्त्यावर ताटकळते, त्याला सुरक्षितता म्हणायला मी तयार नाही. रूममेट मात्र लाख मोलाच्या मिळाल्या. ही तापाने फणफणली होती, तेव्हा दोघींनी आळीपाळीने रात्र जागून काढली.

हिशेबाचा कागद हातात आला आणि माझं डोकं तापलं. रंगाचे 3,000, गादीचे 2,000, लाइटबिलाचे 900 कापून परत 10,100. महिनाभराची नोटीस तिने वेळेत दिली होती, लाइटबिलही तिला मान्य होतं. प्रश्न रंगाचा आणि गादीचा होता.

गादीच्या कोपऱ्यात वीतभर उसवण होती, आतला काथ्या दिसत होता. भाचीने फोन काढला. राहायला आली त्याच संध्याकाळी तिने आईला दाखवायला खोलीचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात तीच उसवण, खाली तारीख. मॅनेजरबाईंनी तो दोनदा पाहिला आणि 2,000 मोजून दिले.

रंगाचं तसं झालं नाही. कॉटच्या डोक्याशी तेलकट डाग होता, तो राहण्यानेच पडतो. भाडं त्याच वापराचं असतं. भिंतीला भोक पाडलं, आरसा फोडला, तर जरूर कापा. आणि तिघींकडून प्रत्येकी 3,000 म्हणजे एका खोलीला 9,000. रंगाऱ्याचं बिल मागितलं, तर ते नव्हतं. रंग काढणार कधी, हे विचारायची गरजच पडली नाही, कारण नवी मुलगी बॅग घेऊन दारात उभी होती.

करारावर ‘पेइंग गेस्ट’ लिहिलंय. महाराष्ट्राच्या 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्या घराचा भाग वापरणारा. इथले मालक तिथे राहत नाहीत. अशा फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. आमचा कागद साधाच आहे, आणि रंगाची अट त्यात कुठेच नाही. मालकांना हे सगळं लेखी कळवलंय. 3,000 अजून यायचेत.

निघताना भाची त्या नव्या मुलीला म्हणाली, “अगं, आधी गादी उलटून फोटो काढ, मग चादर घाल.” आम्ही जिना उतरलो, तेव्हा ती गादी उचलत होती.