भरती अचानक येत नाही

दर मे महिन्यात आणि दर दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे एक बातमी छापून येते. गाव बदलतं, माणसं बदलतात, वाक्य तेच असतं : ‘अचानक आलेल्या भरतीमुळे पर्यटक अडकले.’ हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. ज्याचं येणं पंचांगात एक वर्ष आधी काढून ठेवता येतं, ते अचानक कसं? एस्टी अचानक येईल, पाहुणा अचानक येईल. भरती नाही येत.

‘समुद्राचा काय नेम?’ असं म्हणणारे नुसते मुंबई-पुण्याचे नाहीत. आमच्याच आळीतली, जन्मभर समुद्राचं खाल्लेली माणसंसुद्धा हात झटकून तसंच म्हणतात. त्यात सगळ्यांची सोय आहे. अडकलेला माणूस चुकीचा ठरत नाही, फलकावर नुसता ‘धोका’ लिहून मोकळा झालेला चुकीचा ठरत नाही, आणि ‘जा हो, काय होत नाय’ म्हणून त्यांना सोडणारा आमचा माणूसही चुकीचा ठरत नाही. दोष समुद्राचा, आणि समुद्र काय खुलासा द्यायला येत नाही. मी हे तावातावाने लिहितो आहे, कारण मीही एकदा हा दोष समुद्रावर ढकलला होता.

आमचं गाव अलिबागपासून जवळ. कुलाबा किल्ला लहानपणापासून रोज डोळ्यांसमोर. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला हा किल्ला भरतीला पाण्यात उभा असतो आणि ओहोटीला चालत जाता येतं. वाट सोपी दिसते : थोडी ओली वाळू, थोडा खडक, वीस-पंचवीस मिनिटांची चाल. दिसायला सोपी आहे हीच तिची खोड.

माझी बहीण मुंबईला दिलेली. एका डिसेंबरात भावजी, ताई, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि शेजारचं एक कुटुंब आलं. भावजींनी विचारलं, “किल्ल्यावर कधी जायचं?” मी त्या दिवशी कामात होतो. कोष्टकात बघून सांगितलं, “बारा वाजता ओहोटी आहे, जेवणाचे डबे घेऊन निघा.” वेळ बरोबर होती. सल्ला चुकीचा होता. त्या दिवशी अष्टमी होती, आणि ते माझ्या तोंडून निघालंच नाही.

अष्टमीने काय होतं ते आमच्या आबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. हिशेब साधा. शुद्ध असो की वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनला भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी : सकाळी आणि रात्री नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. याला कुणी अडाणीपणा म्हणेल, तर त्याने जरा आकाशाकडे बघावं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागे तेवढीच सरकते. पाऊणपट केली की रोजचे पंचेचाळीस मिनिटं धरले जातात, म्हणून पंधरवड्याच्या शेवटी हिशेब थोडा मागे पडतो. पुनवेला आकडा येतो सव्वाअकरा, भरती असते बाराच्या आसपास. हे आबांना माहीत होतं. दशमीनंतर ते अर्धा तास पुढे धरत. हिशेब अंदाजाचा आहे, अर्ध्या-पाऊण तासाची चूक त्यात निघते. पण तो माणसाला तिथी विचारायला लावतो, आणि खरी गोष्ट तिथीतच आहे.

कारण ओहोटी किती वाजता हा अर्धा प्रश्न आहे. ओहोटी किती खोल, हा दुसरा अर्धा. अमावास्या-पुनवेला उधाण असतं. पाणी वर खूप चढतं आणि खालीही खूप उतरतं. जोर सगळ्यात जास्त त्या दिवशी नव्हे, एक-दोन दिवस नंतर. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो; पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. आमच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो, भांगाला तो दीडेक मीटरवर येतो. म्हणजे भांगाच्या ओहोटीला समुद्र मागे हटल्यासारखा दिसतो, पण वाट पूर्ण उघडी होत नाही.

आता यातली गंमत बघा, किंवा फसगत म्हणा. आमच्याकडे उधाणाची खोल ओहोटी येते सकाळी सहाला नाहीतर संध्याकाळी सहाला. पर्यटकाच्या सोयीची दुपारी बाराची ओहोटी येते ती नेमकी भांगाची. न्याहारी करून निघावं, दुपारी किल्ला बघावा, चारला चहाला परत यावं असं ज्याच्या मनात आहे, त्याला समुद्र सगळ्यात वाईट दिवस देतो. चालत जायला चांगले दिवस द्वितीयेपासून पंचमीपर्यंतचे. तेव्हा पाणी चांगलं सुकतं आणि सकाळची ओहोटी साडेसात ते दहाच्या मध्ये येते, लख्ख उजेडात.

त्या अष्टमीला काय झालं, ते हिशेबानेच सांगतो. बाराला सगळ्यात खाली गेलेलं पाणीसुद्धा मधल्या सखल पट्ट्यात गुडघाभर होतं. मंडळी हसत, पँटी दुमडून पार झाली. देवळात गेली, तटावर बसून जेवली, फोटो काढले. दोन वाजता निघाली. भावजींचा विचार असा की भरती सहाला आहे, अजून चार तास आहेत. पण सहाला भरती पूर्ण होते. सुरू होते बाराला. सहा तासांत पाणी सारखंही चढत नाही. चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. भांगाचा चढ एक मीटर चाळीस धरला तर दोन तासांत त्याचा पाव हिस्सा, म्हणजे पस्तीस सेंटिमीटर चढलेले. फूटभर. गुडघ्यावर फूटभर पाणी चढलं की मोठ्या माणसाच्या मांडीला येतं आणि आठ वर्षांच्या पोरीच्या कमरेच्या वर जातं. त्यात पाणी उभं नसतं, आडवं ओढत असतं, आणि पायाखाली कालवं लागलेला खडक असतो.

उधाण असतं तर? चढ साडेतीन मीटर धरा, दोन तासांत पाऊण मीटरच्या वर. तेव्हा सुरुवात कोरड्या वाटेवरून होते, पण तिसऱ्या तासाला पाणी धावत येतं. म्हणजे भांगाला वाट मुळात उघडत नाही आणि उधाणाला उघडलेली वाट झटकन मिटते. दोन वेगळे धोके आहेत आणि आम्ही दोन्हींना एकच शब्द ठेवला आहे : अचानक.

पोरगी पाय घसरून पाण्याखाली गेली. भावजींनी हाताला धरून वर काढली, खांद्यावर घेतली. ताईच्या दोन्ही तळव्यांना कालवांच्या धारेने चिरा पडल्या. मागून येणाऱ्या घोडागाडीवाल्याने बाकीच्यांना उचललं. घरी आल्यावर ताई पाय पुसत म्हणाली, “दादा, एकदम पाणी आलं रे.” आणि मी म्हणालो, “समुद्राचा काय नेम!” आबा ओटीवर जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, “समुद्राचा नेम हाय. तुझा नाय.” त्यानंतर मी ते वाक्य बोललेलो नाही.

आता लोक मोबाईलवर बघून येतात आणि मला आकडा दाखवतात : ‘काका, ओहोटी ०.८ मीटर, म्हणजे कमरेच्या खालीच ना?’ नाही. तो आकडा वाटेवरच्या पाण्याची खोली नव्हे. तो एका ठरवलेल्या नीच पातळीपासून मोजलेला असतो. ०.८ ला वाट कोरडी असू शकते आणि १.८ ला गुडघाभर पाणी असू शकतं. कुठल्या आकड्याला वाट उघडते हे त्या त्या वाटेवर बघून ठेवावं लागतं आणि ते किनाऱ्यावरच्या माणसालाच माहीत असतं. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. सकाळी चालत गेलो म्हणून रात्रीही जाऊ, असं होत नाही. आणि पावसाळ्यात कोष्टक घडी करून खिशात ठेवा. वारा आणि लाटा असल्या की हिशेब बरोबर असूनही जायचं नसतं.

काही शहाणे म्हणतात, वाटच बंद करा. का म्हणून? आमच्या बायका शतकानुशतकं याच खडकांवर कालवं फोडायला जातात. त्या पाणी उतरत असताना पाण्यामागे उतरतात आणि पाणी थबकलं की टोपली उचलतात. एवढाच नियम आहे : ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघायचं आणि ओहोटीच्या वेळेला परतीच्या वाटेवर असायचं. ओहोटी ही पोचायची वेळ नाही, परतायची वेळ आहे. उशीर झालाच तर किल्ल्यातच थांबायचं. किल्ला बुडत नाही, आत गोडं पाणी आहे, सात-आठ तासांनी वाट पुन्हा उघडते किंवा होडी येते. जीव जातो तो थांबणाऱ्याचा नाही, ‘अजून जमेल’ म्हणणाऱ्याचा.

म्हणून माझं मागणं लहान आहे. किनाऱ्यावर ‘धोका’ लिहिलेल्या फलकाशेजारी एक काळा फळा लावा. त्यावर रोज सकाळी तीन गोष्टी लिहा : आजची तिथी, आजची ओहोटी, आणि किल्ल्यातून शेवटचं निघायची वेळ. भांग असेल तर मोठ्या अक्षरांत ‘आज वाट नाही’ एवढंच. मधल्या सखल पट्ट्यात एक रंगवलेला खांब रोवा; त्याच्या बुडाला पाणी असेल तर पुढे पाऊल टाकायचं नाही. याला खडू लागतो आणि एक माणूस लागतो. फळा लागेपर्यंत आमच्या गाववाल्यांनी निदान ‘काय होत नाय’ म्हणणं सोडावं आणि विचारणाऱ्याला वेळेआधी तिथी सांगावी.

मी आता तेच करतो. ताईची पोरगी आज मोठी झाली आहे, गेल्या वर्षी मैत्रिणींना घेऊन आली. फोनवर पहिला प्रश्न तिनेच केला, “मामा, चतुर्थी धरून येऊ ना?”