टॅग अडला की लगेच ‘मराठीची गळचेपी’?

एक वाक्य ऐकून मी खरंच वैतागलोय: “मराठीत लिहिलं म्हणून टॅग करणं बंद केलं!” अरे, आधी एवढं तपासा. साधी पोस्ट जातेय आणि फक्त टॅग अडतोय? मग अडचण बहुधा मजकुराची नाही, वेगाची आहे. मजकूर खटकला असता तर बहुधा पोस्टच काढली असती.

समजा, रक्तदान शिबिराची पोस्ट आहे. एकानं 50 जणांना टॅग केलं, मग तोच मजकूर 10 ग्रुपांत चिकटवला, प्रत्येक ठिकाणी पुन्हा नावं. सगळं 15 मिनिटांत. काहींनी कंटाळून टॅग काढला, एकानं स्पॅम म्हणून रिपोर्ट केला. जाहिराती टाकणारी बनावट खाती नेमकी अशीच वागतात. यंत्र वेग मोजतं, तोच तो मजकूर आणि तक्रारी बघतं. शिबिर कशाचं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग काही तास, कधी काही दिवस टॅग बंद. त्यात पुन्हा पुन्हा बटण दाबलं की संशय वाढतोच.

माझा राग वेगळा आहे. नेमकी मर्यादा किती, हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. सांगितली तर स्पॅमवाले एक टॅग कमी करतील, म्हणे. पण त्यांच्याकडे खात्यांचा ढीग असतो. चार जाळून ते आकडा काढतातच. एकच खातं असलेल्या आपल्या पोराला मात्र तो कळतो टॅग बंद पडल्यावर, तेही शिबिराच्या आदल्या रात्री. “आता थांबा” असा इशारा आधी द्यायला यांचं काय जातं?