ढेकर आला नाही तर?

आपल्या मराठवाड्यात लेकीचे बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि पहिला सव्वा महिना तान्हे बाळ आईइतकेच आजीच्या हातांत असते. बाळाने दूध घेतले की त्याला खांद्यावर टाकून ढेकर काढण्याचे काम आजीकडे येते. लातूर परिसरातील अनेक आजी मला एकच प्रश्न विचारतात : ‘‘डॉक्टर, थोपटून थोपटून हात भरून आला, तरी ढेकर येत नाही. अशा बाळाला निजवावे कसे?’’ आजचा लेख या प्रश्नाविषयी आहे.

प्रथम ढेकर म्हणजे काय ते पाहू. दूध ओढताना बाळ दुधाबरोबर थोडी हवाही गिळते. रडतानाही हवा पोटात जाते. बाळाला उभे धरले की दूध जठरात खाली बसते आणि हवा वर येते. अन्ननलिका जेथे जठराला मिळते, तेथील झडप तान्ह्या बाळात सैल असते. त्यामुळे हवा सहज बाहेर पडते, आणि तिच्याबरोबर कधी कधी घोटभर दूधही येते. त्यालाच आपण गुळणी म्हणतो. मात्र जी हवा जठरातून पुढे आतड्यात सरकली, ती ढेकर होऊन परत येत नाही. ती खालूनच बाहेर पडते. म्हणून दहा मिनिटे उभे धरूनही ढेकर आला नाही, तर याचा अर्थ एवढाच की जठरात हवा नव्हती किंवा ती पुढे गेली. त्यानंतर अर्धा तास थोपटण्याने काहीही साधत नाही.

या बाबतीत आपल्याच देशात झालेला एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील संशोधकांनी निरोगी बाळ व त्याची आई अशा ७१ जोड्या घेतल्या. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटातील मातांना प्रत्येक पाजण्यानंतर ढेकर काढण्यास शिकवले, दुसऱ्या गटाला शिकवले नाही, आणि तीन महिने नोंदी ठेवल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांतील बाळांच्या पोटदुखीच्या रडण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. दुधाची गुळणी मात्र ढेकर काढलेल्या गटात अधिक दिसली. अभ्यास लहान आहे, म्हणून ढेकर काढणे सोडून द्या असे मी म्हणणार नाही. पाजल्यावर बाळाला थोडा वेळ उभे धरल्याने अनेक बाळांना आराम पडतो, हे आपण रोज पाहतो. पण ढेकर आलाच पाहिजे, हा हट्ट सोडण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

आता पद्धती पाहू. पहिली खांद्यावरची. बाळाची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकवावी, एक हात त्याच्या बुडाखाली व दुसरा पाठीवर ठेवावा. बाळाचे तोंड बाजूला वळलेले आहे आणि नाक आपल्या लुगड्यात किंवा सदऱ्यात दबलेले नाही, हे आधी पाहावे. दुसरी मांडीवर बसवण्याची. बाळाला आपल्या मांडीवर आडवे तोंड करून बसवावे, किंचित पुढे झुकवावे आणि एका हाताच्या अंगठ्याने व बोटांनी त्याचा जबडा दोन्ही बाजूंनी धरून छातीला तळव्याचा आधार द्यावा. बोटे जबड्याच्या हाडावर असावीत, गळ्यावर नव्हेत. तिसरी पालथे घालण्याची. बाळाला दोन्ही मांड्यांवर पालथे आडवे ठेवावे आणि डोके छातीपेक्षा किंचित उंच राहील असे पाहावे.

तिन्ही पद्धतींत हात सारखाच चालवायचा : तळहाताची ओंजळ करून पाठीवर हलके थोपटायचे किंवा कमरेकडून मानेकडे सावकाश चोळत न्यायचे. ढेकर जोराने थोपटून येत नाही. शरीराच्या स्थितीमुळे येतो. पाच ते दहा मिनिटे पुरेत. ढेकर न आल्यास बाळाला थोडा वेळ तसेच कडेवर शांत धरावे आणि मग उताणे निजवावे. गॅस सुटेल म्हणून पालथे निजवू नये. झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका त्याने वाढतो. उताण्या निजलेल्या निरोगी बाळाला गुळणी झाली तरी ते मान वळवते, गिळते किंवा खोकते. तेवढ्याने ते गुदमरत नाही.

वयस्क वाचकांना एक वेगळी सूचना. गुडघे दुखत असतील तर जमिनीवर मांडी घालून बसण्यापेक्षा पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसून बाळ हातात द्यायला सांगावे. खांदा धरलेला असेल किंवा हात थरथरत असतील, तर खांद्यावरची पद्धत सोडून मांडीवरची घ्यावी. रात्रीच्या वेळी बाळाला घेऊन येरझाऱ्या घालू नयेत. ओल्या फरशीवर पाय घसरला तर दोघांनाही इजा होते. आणि डोळ्यांवर झापड येऊ लागली की बाळ लगेच दुसऱ्याकडे द्यावे.

ढेकराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष हवा आत जाते कोठून याकडे द्यावे लागते. अलीकडचे एक उदाहरण सांगतो. पाच आठवड्यांचे बाळ, जन्माचे वजन २.९ किलो, तपासणीच्या दिवशी ३.७ किलो. तक्रार अशी की बाळ दर पाजण्यानंतर पाय पोटाशी घेते, अंग आवळते, रडते आणि संध्याकाळी तर कोणालाच आवरत नाही. आजी प्रत्येक वेळी चाळीस मिनिटे थोपटत असत. त्यानंतर बाळाला गुळणी होई, मग ‘पोट रिकामे झाले’ म्हणून पुन्हा पाजले जाई. वजन उत्तम वाढले होते, पोट मऊ होते, लघवी दिवसातून सात-आठ वेळा होत होती. म्हणजे बाळ आजारी नव्हते. मी आईला तेथेच पाजायला सांगितले. बाळाने केवळ स्तनाग्र तोंडात धरले होते आणि ओढताना ‘टक् टक्’ असा आवाज येत होता. हा आवाज हवा आत जात असल्याची खूण आहे. आईच्या पाठीशी उशी दिली, बाळाचे पोट आईच्या पोटाला लावले, त्याचे तोंड मोठे उघडेपर्यंत थांबून मग स्तनाभोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात जाईल असे धरवले. आवाज थांबला. आजींना सांगितले, दहा मिनिटे धरा आणि थांबा. गुळणीनंतर लगेच पुन्हा पाजू नका. आठवड्याने गुळण्या निम्म्यावर आल्या होत्या. संध्याकाळचे रडणे थोडे उरले होते आणि ते उरणार, हेही मी आधीच सांगितले होते. कारण निरोगी बाळांचे रडणे साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. ते प्रत्येक वेळी गॅसचे नसते.

वरचे दूध बाटलीने द्यावे लागत असेल, तर बाटली अशी तिरपी धरावी की तिचे निपल सतत दुधाने भरलेले राहील, आणि मध्ये एकदा थांबून बाळाला उभे धरावे.

पाजून झाल्यावर बाळ कळवळते आहे असे वाटल्यास उताणे ठेवून दोन्ही गुडघे हळुवार पोटाकडे दुमडावेत, सोडावेत, मग सायकल चालवल्यासारखे पाय आळीपाळीने हलवावेत. पोटावर कोमट तळहात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सावकाश फिरवावा. मात्र हे पाजल्यानंतर लगेच नव्हे, अर्ध्या-पाऊण तासाने. लंगोट पोटावर घट्ट बांधू नये. काही बाळे पाच-दहा मिनिटे कण्हतात, लालबुंद होतात आणि शेवटी मऊ शी करतात. त्यांना बद्धकोष्ठ नसते. जोर करताना खालचा स्नायू सैल सोडणे त्यांना अजून जमलेले नसते. तेथे विड्याचे देठ किंवा साबणाची वडी वापरू नये.

आता औषधांविषयी. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने तयार केले. त्या काळी त्यात मद्यार्कही होता. आज तो काढलेला असला, तरी पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचे नसते, आणि ग्राइप वॉटरने रडणे थांबते याला भक्कम पुरावा नाही. बाळगुटीतील उगाळलेले जायफळ अधिक झाल्यास बाळ गुंगते, आणि ते शांत झाले असा आपला गैरसमज होतो. मध वर्षाच्या आत देऊच नये; त्यातून शरीर लुळे करणारा गंभीर विषार होऊ शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुकानातून परस्पर आणलेले पोटदुखीचे थेंब. बाटलीवर ‘डायसायक्लोमिन’ हे नाव असेल, तर ते सहा महिन्यांखालील बाळाला मुळीच देऊ नये. त्याने श्वास अडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मोठ्या नातवासाठी आणलेली जुनी बाटली घरात असेल, तर नाव वाचल्याशिवाय तिला हात लावू नका.

शेवटी, जे गॅसचे नाही ते ओळखावे कसे? उलटी हिरवी असेल, तर आतड्याला पीळ किंवा अडथळा असू शकतो. त्याच तासाला रुग्णालय गाठावे. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाला प्रत्येक पाजण्यानंतर दूर उडेल अशी जोराची उलटी होत असेल आणि तरीही ते भुकेलेले असेल, तर जठराचे दार जाड झालेले असू शकते. त्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. शौचात रक्त, पोट ताठ व फुगलेले, तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, दूध ओढणे सोडून देणे, दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी, न वाढणारे वजन, किंवा उचलून घेताच अधिक कळवळून रडणे, यांपैकी काहीही दिसल्यास हिंग लावण्यात वा शेकण्यात वेळ घालवू नये. डॉक्टरांना दाखवावे. रात्री वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

यांपैकी काहीच नसेल, बाळाचे वजन वाढत असेल आणि दोन पाजण्यांच्या मध्ये ते शांत राहत असेल, तर न आलेल्या ढेकराची काळजी करण्याचे कारण नाही. दहा मिनिटे झाली की बाळाला उताणे निजवा आणि आपल्याही हाताला विसावा द्या.