वारस नोंदीच्या अर्जात एकही नाव गाळू नका

घरातला खातेदार वारला, की तीन महिन्यांच्या आत वारसांनी गावच्या तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वर्दी द्यायची, असे जमीन महसूल संहितेचे कलम 149 सांगते. मुदत उलटली तरी नोंद होते, म्हणून कोणी हातपाय गाळू नयेत. पण अर्ज लिहिताना जी चूक सर्रास होते, ती उशिरापेक्षा महाग पडते. अर्जात फक्त मुलांची नावे लिहिली जातात आणि बाकीचे वारस कागदावरून गायब होतात.

एक उदाहरण घ्या. गृहस्थ हिंदू, जमीन 2 हेक्टर 40 आर, त्यांनी स्वतः खरेदी केलेली, मृत्युपत्र नाही. मागे म्हातारी आई, पत्नी, एक मुलगा आणि लग्न झालेली मुलगी. थोरला मुलगा आधीच वारला, त्याची विधवा आणि दोन मुले घरात आहेत. गावातले बहुतेक लोक सांगतील, धाकट्या मुलाचे आणि त्याच्या आईचे, म्हणजे मयताच्या पत्नीचे, नाव लावा. कायद्याने इथे सात वारस आहेत. आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा प्रत्येकी एक पाचवा हिस्सा, म्हणजे 48 आर. उरलेला पाचवा हिस्सा वारलेल्या मुलाच्या शाखेला, त्यातून त्याची विधवा आणि दोन मुले यांना प्रत्येकी 16 आर. सासरी गेलेली मुलगी आणि मयताची आई ही दोन नावे सर्वात जास्त वेळा सुटतात. वडिलोपार्जित जमिनीत हिस्से वेगळे पडतात, पण मुलीचे नाव तिथेही लागतेच. इतर धर्मीयांना त्यांचा वारसा कायदा लागू होतो.

बहिणीला हिस्सा नको असेल, तर तिचे नाव अर्जातून वगळायचे नसते. आधी सातही नावे लावून घ्या. मग तिची खरोखर इच्छा असेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. कोऱ्या कागदावर किंवा नुसत्या स्टँप पेपरवर घेतलेली ‘संमती’ हक्क सोडल्याचा पुरावा ठरत नाही, आणि पुढे जमीन विकताना हाच वाद उभा राहतो.

आता कागद. मृत्यूचा दाखला. मयताच्या नावावरचे सर्व गटांचे सातबारा आणि आठ-अ चे उतारे. सर्व वारसांची नावे, वय, मयताशी नाते, पत्ता आणि मोबाईल क्रमांक असलेली यादी, सोबत वंशावळ. ‘याव्यतिरिक्त दुसरा वारस नाही’ असे प्रतिज्ञापत्र. प्रत्येकाचे आधार कार्ड आणि कुटुंबाचे रेशन कार्ड. अज्ञान वारसाच्या वयाचा पुरावा. त्याचे नाव पालकासह ‘अ.पा.क.’ म्हणून लागते. काही ठिकाणी पोलीस पाटील किंवा सरपंचांचा दाखलाही मागतात. वाद नसेल, तर सातबाऱ्यासाठी न्यायालयाचा वारस दाखला सहसा लागत नाही, त्यासाठी आधीच वकिलाकडे धावू नका.

दोन ठिकाणी अर्ज अडकतो. सातबाऱ्यावर ‘रामा धोंडी’ आणि आधारवर ‘रामचंद्र धोंडिबा’ असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा. आणि उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असेल, तर आजोबा आणि वडील या दोघांचेही मृत्यूचे दाखले आणि दोन्ही पिढ्यांचे वारस द्यावे लागतील. आजोबांची इतर मुले-मुली तिथे आपसूक येतात, हे भावकीत आधीच बोलून घेतलेले बरे.

अर्ज सज्जाच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या, किंवा ‘ई-हक्क’ प्रणालीतून ऑनलाइन करा. जमीन दोन गावांत असेल, तर दोन्हीकडे अर्ज करा. अर्जानंतर चौकशी होते, फेरफार धरला जातो आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत नसेल, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात; हरकत आली, तर प्रकरण तक्रारी नोंदीत जाते आणि सुनावणी होते. फेरफार क्रमांक आठवणीने मागून घ्या, विचारपूस त्यावरच होते.

नोंद झाली म्हणजे वाटणी झाली नाही. सर्वांची नावे सामाईक लागतात, वाटप हे वेगळे प्रकरण आहे. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल, तर तोही इतर हक्कांत तसाच राहतो. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीत आणि सिटी सर्व्हेतल्या मिळकत पत्रिकेची नोंद भूमी अभिलेख कार्यालयात स्वतंत्र करावी लागते.

नवा सातबारा हाती आला, की प्रत्येक नाव अर्जाशी ताडून पाहा. एखादे नाव सुटले असेल, तर प्रमाणित झालेल्या नोंदीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येते.